डाव्या गालावरचा थेंब

फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसणाऱ्या बाईंना गाव पेन्सिलताई म्हणायचं. खरं नाव मतदार यादीत असेल. फोटोवर पेन्सिल चालवून वीसेक वर्षं उलटली होती, आता सगळं काम संगणकावर, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. बाईंचा धंदा सांगायला सोपा आणि करायला महाकठीण: एका फोटोतला माणूस डोक्याच्या केसापासून चपलेच्या टाचेपर्यंत अख्खा कापायचा आणि दुसऱ्या फोटोत असा उभा करायचा, की तो पहिल्यापासून तिथंच होता असं वाटलं पाहिजे. परदेशी राहिलेला मुलगा कुटुंबाच्या फोटोत, बाळंतपणामुळे न आलेली बहीण भावाच्या सत्कारात, असं काही ना काही रोज चालू. "मी माणसं हलवते," बाई सांगायच्या, "ट्रकवाले सामान हलवतात तशी. फक्त माझ्याकडे काही फुटलं तर आवाज होत नाही."

कापायला बसण्याआधी बाई गिऱ्हाइकाला एकच प्रश्न विचारायच्या आणि उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यायच्या. "खुणा ठेवायच्या की झाकायच्या?" गिऱ्हाईक गोंधळायचं. खुणा म्हणजे तीळ, चट्टे, जन्मापासूनचे डाग, गोंदण. बाई फोटोवर बोट ठेवून एकेक मोजून दाखवायच्या. मग माणसं विचारात पडायची, कारण स्वतःच्या माणसाच्या अंगावर नक्की काय काय आहे हे घरच्यांनासुद्धा धड सांगता येत नाही. एक नवरदेव दंडावरचं गोंदलेलं नाव झाकायला आला होता. नाव होणाऱ्या बायकोचं नव्हतं. बाईंनी झाकून दिलं आणि वर म्हणाल्या, "फोटोत झाकलंय. बाह्या मात्र आयुष्यभर लांब शिवा."

दुसरी गोष्ट बसच्या ड्रायव्हरची. बाईंच्या नवऱ्याने त्याला ऑफिसच्या ग्रुप फोटोत घुसवताना उजेड जुळेना म्हणून आरशासारखा उलटा फिरवला. उजेड झकास जुळला. फोटो फ्रेम होऊन भिंतीवर लागला आणि चौथ्या दिवशी कोणीतरी वाचलं, की मनगटावरचं आईचं नाव उलटं आहे. ड्रायव्हर शांतपणे स्टुडिओत आला आणि म्हणाला, "साहेब, माझी गाडी मी रिव्हर्समध्ये एवढी कधी नेली नाही." तेव्हापासून स्टुडिओत नियम झाला: माणूस फिरवायच्या आधी त्याच्या अंगावर अक्षरं बघ, डाग बघ, तीळ बघ. एकही खूण दिसली तर फिरवायचा नाही.

बाईंना या खुणांचं पहिल्यापासून नवल वाटायचं. कोट्यवधी माणसं, आणि प्रत्येकाच्या कातडीवर कुठेतरी एक ठिपका असा, की तो दुसऱ्या कोणाकडे त्याच जागी नाही. कोणी मांडले असतील, असं त्यांच्या मनात येई आणि त्या माउस सोडून थोडा वेळ नुसत्या बसून राहत.

एके सकाळी एक अडुसष्ट वर्षांच्या शिंपीणबाई आल्या. गळ्यात मोजायची टेप तशीच लोंबत होती, दुकानातून उठून आल्या असणार. उजव्या गालावर तांबडा डाग होता, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत उतरलेला, आणि त्याच्या खाली हनुवटीकडे एक बारीकसा ठिपका. त्या खुर्चीवर बसल्या आणि पिशवीतून पुठ्ठ्यात गुंडाळलेला जुना काळा-पांढरा फोटो काढून त्यांनी टेबलावर ठेवला. रंगवलेल्या पडद्यापुढे एक तरुण बाई उभी होती. पुढून बटणं असलेला लांब झगा, एक हात खुर्चीच्या पाठीवर, गाल घासूनपुसून ठेवलेल्या ताटासारखा स्वच्छ.

"ही माझी बहीण. जुळी," त्या म्हणाल्या. "घरात आम्हाला डावी आणि उजवी म्हणायचे. माझा डाग उजव्या गालावर, तिचा डाव्या. आरसाच बघा. मी उजवी."

"आणि त्या?"

"एकतिसाव्या वर्षी गेली. ताप काय आला, आठ दिवसांत संपलं. सदतीस वर्षं झाली." उजवीबाईंनी टेपची सुरळी केली, सोडली, परत केली. "दुकान आम्ही दोघींनी काढलेलं. आता मी बंद करतेय, डोळे साथ देत नाहीत. बंद करायच्या आधी दुकानाच्या दारात आमचा दोघींचा एक फोटो पाहिजे. एकत्र असा एकही नाही. एक जण गिऱ्हाइकापुढे, एक मशीनवर, जमलंच नाही कधी. तुम्ही म्हणे माणूस उचलून आणता."

पेन्सिलताईंनी चिठ्ठी पुढे ओढली. "खुणा ठेवायच्या की झाकायच्या?"

"माझा डाग ठेवा. आणि तिचा लावा. तिच्या फोटोत नाहीये तो. तिचे फोटो तीन, तिन्हींत पुसलेला. फोटोवाल्यांना वाटायचं आपण बाईवर उपकार करतोय. हा सगळ्यात चांगला, अख्खा आहे, म्हणून आणला. शिक्का तुमच्याच स्टुडिओचा आहे. तुमच्या सासऱ्यांनी पुसला असणार. मोठे माणूस होते, त्यांना काय बोलणार."

पेन्सिलताईंनी फोटो उलटा केला. मागे शिक्का होता आणि शिक्क्याखाली पेन्सिलीने लिहिलेला नंबर. आकडे त्यांच्याच हातचे होते. सातच्या पोटातून आडवी रेघ मारायची सवय घरात फक्त त्यांनाच.

लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. सासरे कॅमेऱ्यामागे, आणि सुनेला त्यांनी निगेटिव्ह साफ करायला बसवलं होतं. निगेटिव्हवर सगळं उलटं दिसतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. गालावरचा काळा डाग तिथे काचेसारखा पारदर्शक दिसतो. त्या मोकळ्या जागेवर टोकदार पेन्सिलीने बारीक बारीक रेघा भरत गेलं, की उजेड अडतो आणि कागदावर तेवढी जागा गोरी उमटते. सासरे वापरायचे ती फिल्म लाल रंगाला आंधळी होती, त्यामुळे तांबडा डाग शाई सांडल्यासारखा काळाकुट्ट यायचा. सुनेने तो बघितला आणि तिला त्या अनोळखी बाईची कीव आली. दोन दिवस भिंगाखाली बसून तिने अख्खा डाग भरून काढला. एवढं मोठं काम तिने पहिल्यांदाच केलं होतं. फोटो घेऊन ती नाचतच सासऱ्यांकडे गेली. सासऱ्यांनी फोटो उजेडाला धरला आणि एवढंच म्हणाले, "काम चोख आहे. तिला विचारलं होतंस का?" विचारलं नव्हतं. ठेवायचं की झाकायचं हा प्रश्न स्टुडिओत त्या दिवशी जन्माला आला.

हे सगळं पेन्सिलताईंना एका सेकंदात आठवलं. तोंडून मात्र निघालं ते एवढंच, "बघते मी." गेलेल्या सासऱ्यांच्या माथी दोष जाऊ दिला आणि गप्प बसल्या. माणूस साठीला आलं तरी भितं ते भितंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने दुकानापुढे कॅमेरा लावला. दारात उजवीबाई उभ्या राहिल्या आणि आपल्या उजव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडली. "डावी इकडेच पाहिजे," त्या म्हणाल्या. "लहानपणी आम्ही अशाच झोपायचो. तिचा डावा गाल माझ्या उजव्या गालाला. आई म्हणायची, डागाला डाग लावून झोपल्यात."

पेन्सिलताईंनी जुन्या फोटोवरून कॅमेऱ्याची उंची काढली, कारण एक फोटो कमरेच्या उंचीवरून आणि दुसरा डोळ्याच्या उंचीवरून असला तर पाय जमिनीला टेकत नाहीत, माणूस तरंगतो. दुकानावर ताडपत्रीची सावली होती, ऊन मऊ होऊन एका बाजूने येत होतं. सगळं ठीक वाटलं.

मग बाई कापायला बसल्या. झग्याची कड सोपी. खुर्ची ठेवायची नव्हती, तेव्हा खुर्चीच्या पाठीवरचा हात तिथे दाराच्या चौकटीवर येईल असा बसवला. कपाळावरचे सुटे केस एकेक करून सोडवले, त्यात अख्खा दिवस गेला. नवऱ्याने उजवीबाईंचा रंगीत फोटो काळा-पांढरा करायला घेतला आणि मधेच हाक मारली, "अगं, इकडे ये. बाईंचा डाग गेला."

बाई उठून गेल्या. रंगीत फोटोत लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात. नवऱ्याने नुसता लाल थर घेतला होता. लाल थरात तांबडं सगळं उजळ दिसतं, त्यामुळे डाग आजूबाजूच्या कातडीत मिसळून गेला होता. अडुसष्ट वर्षं ज्या डागाने लोकांच्या नजरा ओढल्या तो एका क्लिकमध्ये नव्हताच. पण गाल पूर्ण कोरा नव्हता. डागाखालचा तो बारीक ठिपका तिथेच होता, उलट आणखी ठळक झाला होता.

"हा का नाही गेला?" नवरा म्हणाला.

पेन्सिलताईंनी हिरवा थर उघडला. डाग गडद होऊन परत आला, जुन्या फिल्मवर आला असता तसा, आणि ठिपका फिका पडला. त्यांनी परत लाल थर लावला. डाग गेला, ठिपका उरला. असं चार वेळा केलं.

"हा डागाचा भाग नाहीच," त्या हळूच म्हणाल्या. "ही निळसर शाई आहे. बाईंनी हा गोंदवून घेतलाय."

"या वयात? आणि गालावर? कशाला?"

ते त्यांना माहीत नव्हतं. फोटो हिरव्या थरातून काळा-पांढरा करायचा, एवढं ठरवून त्या परत आपल्या जागी बसल्या. डावीच्या स्वच्छ गालासाठी त्यांनी उजवीचा डाग उचलला, आरशासारखा उलटा केला, तरुण गालाच्या गोलाईवर बसवला. ठिपका मात्र घेतला नाही. शाईचा काय भरवसा.

चौथ्या दिवशी उजवीबाई बघायला आल्या. पेन्सिलताईंनी पडद्यावर आधी डाग न लावलेला जोड उघडला, उभं राहणं पटतंय का ते विचारायला. उजवीबाईंनी चष्मा पुसला आणि त्या पुढे वाकल्या.

"ही डावी नाही," त्या म्हणाल्या.

नवरा हसला. "अहो बाई, तुमच्याच फोटोतली आहे."

"बटणपट्टी बघा. काजं उलट्या बाजूला गेलीत. हा झगा मी शिवलाय, मी अशी चूक करणार नाही. तुम्ही तिला फिरवलंय."

पेन्सिलताईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने मान खाली घातली. ऊन उजवीबाईंच्या उजवीकडून होतं, जुन्या फोटोतला उजेड बहिणीच्या डाव्या बाजूने. जुळेना, म्हणून बाई जेवायला उठल्या तेव्हा त्याने डाग न लावलेल्या जोडात डावीला गुपचूप उलटं केलं होतं. नियमाप्रमाणे अक्षरं बघितली होती, तीळ बघितले होते. काहीच सापडलं नव्हतं.

"फिरवली म्हणजे तिची मी झाले," उजवीबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "डावीची उजवी झाली. डाग असता तर तुम्ही फिरवली नसती."

पेन्सिलताईंना वाटलं, एकोणचाळीस वर्षांपूर्वीची पेन्सिल आज बोटात टोचली. त्यांनी डावीला सरळ केलं, मग लावलेला डाग दाखवला. उजवीबाई बघत राहिल्या आणि त्यांचा हात आपोआप स्वतःच्या गालाकडे गेला.

"हा माझा डाग आहे."

"उलटा करून लावलाय. तुम्हीच म्हणालात, आरसाच म्हणून."

"आरसा आहे. पण तिच्या डागाखाली एक थेंब होता, डागातून गळल्यासारखा. माझ्याकडे नव्हता. आई म्हणायची, तुमच्यातला फरक एवढाच, थेंबभर."

पेन्सिलताईंनी खुर्ची ओढून त्यांच्या समोर घेतली. "बाई, तुमच्या गालावरचा तो थेंब गोंदलेला आहे ना?"

उजवीबाईंनी मान हलवली. लपवायचा प्रयत्न केला नाही. "दीड वर्ष झालं. आरशात बघितलं की मला तीच दिसायची, लहानपणापासून. आरशात माझा डाग डाव्या गालावर जातो ना. ती गेल्यावर तेवढाच आधार होता. रोज सकाळी आरशासमोर उभी राहायचे आणि थेंब मनाने लावायचे. मग एक दिवस लावता येईना. इकडे होता की थोडा वर? नखाएवढा की मोहरीएवढा? मी घाबरले. गोंदणाऱ्या पोरीकडे गेले, म्हटलं अजून जे आठवतंय ते पक्कं करून टाक. तिने केलं. पण मला खात्री नाही, ताई. फोटो तिन्ही पुसलेले. विचारायला कोणी राहिलं नाही. जागा चुकली असेल तर मी दीड वर्ष आरशात कोणा परक्या बाईशी बोलतेय."

पेन्सिलताईंना आता गप्प बसणं शक्यच नव्हतं.

"बाई, तो डाग माझ्या सासऱ्यांनी नाही पुसला. मी पुसला. ते म्हणाले होते, तिला विचारलंस का. मी विचारलं नव्हतं. मला वाटलं, मी चांगलं करतेय."

नवऱ्याने मान वर केली. त्यालाही हे नवीन होतं. उजवीबाई पेन्सिलताईंकडे एकटक बघत होत्या. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला.

"फोटो घरी आणला तेव्हा डावी काय म्हणाली माहीत आहे? म्हणाली, छान आलाय. कोणाचा आहे?"

पेन्सिलताईंना हसू आलं आणि त्याच हसण्यात डोळे भरून आले. त्यांनी नाक पुसलं आणि उठल्या. "थांबा. मी पुसला असं म्हणतेय खरं, पण पुसला नव्हता. मी त्याच्यावर पेन्सिल भरली होती."

निगेटिव्हचे खोके माळ्यावर होते. नवरा स्टुलावर चढला, शिंकला, तीन चुकीचे खोके उतरवले आणि प्रत्येक खोक्यागणिक बाईंचं ऐकून घेतलं. चौथ्यात तो नंबर होता, सातच्या पोटात रेघ असलेला. पाकिटातून पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह निघाली. कडा पिवळ्या पडल्या होत्या, बाकी ठीक होती.

पेन्सिलताईंनी ती उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि भिंग लावलं. पेन्सिल चालते ती निगेटिव्हच्या मंद बाजूवर, आणि त्या बाजूने बघितलं की माणूस उलटा दिसतो, आरशातल्यासारखा. काळा चेहरा, पांढरे केस. गालावर त्यांच्या तरुणपणाच्या रेघा होत्या. इतक्या बारीक, इतक्या समान, की क्षणभर त्यांना अभिमान वाटला आणि लगेच लाज वाटली. पेन्सिल धरावी म्हणून खाली वार्निशचा पातळ थर असतो. तो टर्पेंटाइनने निघतो आणि निघताना पेन्सिलही सोबत नेतो. खालची फिल्म तशीच राहते.

कापसाचा बोळा काडीला गुंडाळून त्यांनी टर्पेंटाइनमध्ये बुडवला, निथळवला. मनगट टेबलाला टेकवलं. उजवीबाई पेटीच्या पलीकडे समोरासमोर बसल्या. नवऱ्याने न सांगता पंखा बंद केला.

पहिल्या फिरवण्यात काही झालं नाही. दुसऱ्यात कापूस करडा झाला. तिसऱ्यात कानाजवळ उजेडाची एक बारीक चीर उघडली. पेन्सिलताई बोळे बदलत गेल्या, आणि त्या काळ्या चेहऱ्यावर डाग उजळत उतरत गेला, कानापासून गालावर, गालावरून ओठाच्या कोपऱ्याकडे. तो कुठे गेलाच नव्हता. त्यांच्या रेघांच्या खाली एकोणचाळीस वर्षं जशाच्या तसा पडून होता.

ओठाच्या कोपऱ्याशी डाग संपला. त्याच्या खाली अजून थोड्या रेघा होत्या. त्या तिथे का मारल्या होत्या हे बाईंना आठवत नव्हतं. त्यांनी नवा बोळा घेतला आणि हनुवटीकडे एकदाच फिरवला.

सुईच्या टोकाएवढा उजेड उघडला.

पेन्सिलताईंनी भिंगातून डोळा काढला आणि समोर बघितलं. निगेटिव्ह त्यांच्या बाजूने उलटी दिसत होती, डावीचा डावा गाल उजवा होऊन बसला होता. समोर उजवीबाईंचा उजवा गाल होता. तोच उतार, तोच शेवट, आणि खाली थेंब. त्यांनी परत भिंगात बघितलं, परत समोर. नवऱ्याला खूण करून बोलावलं. त्याने बघितलं आणि तोंडात बोट घालून उभा राहिला. मग भानावर येऊन पट्टी आणली. डागाच्या टोकापासून थेंबाचं अंतर आणि डागाची लांबी, निगेटिव्हवर आणि उजवीबाईंच्या नव्या फोटोत मोजून त्याने कागदावर भागाकार केला.

"केसभरही फरक नाही," तो म्हणाला.

"काय झालं?" उजवीबाईंनी विचारलं. त्यांना तिथून काही दिसत नव्हतं. त्या उत्तराची वाट बघत नव्हत्या, त्या शिक्षेची वाट बघत असल्यासारख्या बसल्या होत्या.

"जागा चुकली नाही," पेन्सिलताई म्हणाल्या आणि त्यांनी निगेटिव्ह पलटून ठेवली. "या, तुम्हीच बघा. आरशात बघता तसं बघा."

उजवीबाई उठून आल्या आणि भिंगावर वाकल्या. टेपचं टोक पेटीवर लोंबत होतं आणि हळूहळू हलत होतं. पाठ थरथरायला लागली तेव्हा पेन्सिलताईंनी तिच्यावर हात ठेवला आणि काढला नाही. सदतीस वर्षं एक थेंब ही बाई डोक्यात सांभाळत होती, कुठेही लिहून न ठेवता, आणि तो केसभरही हलला नव्हता. माणसाच्या आठवणीची एवढी ताकद पेन्सिलताईंनी आयुष्यात पहिल्यांदा बघितली.

"परकी नव्हती," उजवीबाई भिंगातच बोलल्या.

"नव्हती."

फोटो परत काढला. या वेळी दुपार कलल्यावर, ऊन दुसऱ्या बाजूला गेल्यावर, म्हणजे डावीला फिरवायची गरजच उरली नाही. निगेटिव्हवरून डावी नव्याने घेतली, नव्याने कापली. जुन्या फिल्मचा जाडसर रवाळ पोत उजवीच्या फोटोवरही चढवला, नाहीतर एक बाई दगडाची आणि एक काचेची वाटते. उजेड आता उजवीकडून डावीकडे जात होता, तेव्हा म्हाताऱ्या बहिणीची पुसट सावली तरुण बहिणीच्या झग्याच्या कडेवर पाडली. ती सावली पडली आणि दोघी एकदम एका जमिनीवर उभ्या राहिल्या. गालाशेजारी गाल, डागाशेजारी डाग.

"लोक विचारतील, ही तुमची मुलगी का," नवरा म्हणाला.

"सांगेन, माझ्यापेक्षा दहा मिनिटांनी मोठी आहे," उजवीबाई म्हणाल्या.

छापायच्या आधी पेन्सिलताईंनी चिठ्ठी काढली. रोजचाच प्रश्न. "तुमच्या गालावरचा थेंब. ठेवायचा की झाकायचा?"

उजवीबाईंनी पडद्यावरच्या डावीकडे बघितलं. हनुवटीकडे गळलेला तो थेंब जिथे असायचा तिथे होता.

"माझा झाका," त्या म्हणाल्या. "मी सांभाळायला घेतला होता. आता तिचा तिच्याकडे आहे."

पेन्सिलताईंनी चिठ्ठीवर लिहिलं: उजवी, थेंब झाकायचा. त्याखाली लिहिलं: डावी, काही झाकायचं नाही. मग पेन्सिल खाली ठेवली.